मंत्रचळाच्या विकारावरील 'ई.आर.पी.' उपचार : श्रेणीरचना व सत्रनिहाय उद्दिष्टे

प्रस्तावना

मराठीत ज्यास आपण सैलपणे 'मंत्रचळ' म्हणतो, त्या विकारास मानसशास्त्रात ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर अर्थात ओ.सी.डी. अशी संज्ञा आहे. नको असलेला विचार मनात वारंवार घुसणे आणि त्यातून उद्भवणारी अस्वस्थता शमविण्यासाठी एखादी कृती पुनःपुन्हा करावी लागणे, ही त्याची दोन अंगे होत. सोवळ्याओवळ्याची सवय किंवा टापटिपीची आवड म्हणजे हा विकार नव्हे. या कृतींत दररोज तासापेक्षा अधिक वेळ जातो किंवा शिक्षण, संसार अडतो, तेव्हा निदानाचा विचार करावा लागतो.

या विकारावर औषधांखेरीज जी उपचारपद्धती सर्वाधिक तपासली गेली, ती 'एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन', संक्षेपाने ई.आर.पी. तिच्यासाठी प्रस्तुत लेखात 'भयसंमुखता व प्रतिसाद-प्रतिबंध' हा शब्दप्रयोग केला आहे. तिचा आरंभ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये लंडनमधील दोन रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केले, तेथून मानला जातो. भीतीच्या वस्तूस सामोरे जाणे आणि त्यानंतरची शमनकृती न करणे, ही दोन्ही पावले एकत्र टाकल्याखेरीज उपचार घडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अपयशाचे मूळ बहुधा दुसऱ्या पावलात असते. म्हणून विवेचनाचा भर तेथे आहे.

उदाहरण

पुढील उदाहरण विवेचनासाठी रचलेले आहे. ते कोणा एका व्यक्तीचे नाही. वसमत तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील वीस वर्षांची मुलगी हिंगोलीत खोली घेऊन बी.एस्सी.चे शिक्षण घेत आहे. सोयाबीनवरील फवारणीचे विष आपल्या हातांवर राहिले असेल व ते धाकट्या भावाच्या पोटात जाईल, ही तिची भीती. दिवसाकाठी ती तीन-साडेतीन तास हात धुते, सुटीत गावी गेली तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही आणि प्रात्यक्षिकांना अनुपस्थित राहते. 'येल-ब्राऊन' या मापनश्रेणीवर तिचे गुण 40 पैकी 27, म्हणजे तीव्र गटातील आहेत.

ही भीती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले होते. म्हणून प्रत्यक्ष कीटकनाशक किंवा फवारणीचा पंप हाताळण्यास लावणे हा उपचार नव्हे, तो निष्काळजीपणा होय. घरातील इतर माणसे जे विनासंकोच करतात, तेवढेच तिच्याकडून करवून घ्यावयाचे आहे. फवारणीनंतर साबणाने हात धुण्याचा नियम तिलाही लागू आहेच, पण एकदाच.

श्रेणीरचना

पहिली दोन सत्रे माहिती घेण्यात जातात. रुग्णाने आठवडाभर वही ठेवावी : प्रसंग कोणता, मनात काय आले, पुढे काय केले, किती वेळ गेला. तिसऱ्या सत्रात या वहीतून प्रसंगांची श्रेणी तयार होते. प्रत्येक प्रसंगास रुग्ण स्वतः 0 ते 100 मधील अस्वस्थता-अंक देतो. आपल्या उदाहरणातील श्रेणी अशी :

एस.टी.च्या दांड्याला धरून प्रवास केल्यावर वहीला हात लावणे – 35
कृषी सेवा केंद्रासमोरून चालत जाणे – 45
त्याच दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटे बसणे – 60
वडिलांचा शेतावरचा, पण धुतलेला सदरा घडी घालणे – 70
तो घडी घालून, हात न धुता स्वयंपाकघरात जाणे – 80
तशाच हातांनी पीठ मळून भावाला भाकरी वाढणे – 95

श्रेणीतील नोंद 'घाणीची भीती' अशी मोघम असून चालत नाही. प्रत्येक नोंदीसमोर कोणती शमनकृती वर्ज्य, हेही लिहावे लागते. वरील चौथ्या नोंदीसमोर हात धुणे, ओढणीला पुसणे आणि आईला विचारणे या तीनही गोष्टी वर्ज्य म्हणून लिहिल्या होत्या. ही दुसरी बाजू कोरी ठेवली, तर श्रेणी केवळ धाडसाची यादी ठरते.

सत्रनिहाय उद्दिष्टे

एकूण चौदा सत्रे, प्रत्येक सुमारे दीड तासाचे. चौथ्या सत्रापासून प्रत्यक्ष भयसंमुखता. सत्राचे उद्दिष्ट 'भीती वाटणार नाही' असे कधीही लिहू नये. ते कृतीच्या भाषेत हवे : 'दांड्याला हात लावून वही उघडीन व दोन तास हात धुणार नाही.' चौथ्या सत्रात दर दहा मिनिटांनी घेतलेले अंक 40, 55, 50, 35, 25 असे आले. आरंभी अंक वाढला, हे अपेक्षितच. अलीकडील विचारानुसार तो उतरलाच पाहिजे असेही नाही. 'मला हे सहन होणार नाही' हे भाकीत खोटे ठरले, ही खरी कमाई. तोच प्रसंग पुढील सत्रापर्यंत रोज घरी करावयाचा असतो.

सहाव्या सत्रात दुकानाच्या पायरीवर बसताना अंक 60 वरून पाच मिनिटांत 15 वर आला. अननुभवी उपचारकास येथे आनंद होईल. वास्तविक शंका यावयास हवी. विचारता कळले की, ती मनातल्या मनात 'काही लागले नाही' हे एकवीस वेळा म्हणत होती. म्हणजे हात धुणे थांबले, पण धुण्याचे काम आता मन करीत होते. शिवाय रात्री फोनवर 'आई, मी कशाला शिवले नाही ना गं?' हा प्रश्न चालूच होता आणि माउली प्रेमापोटी प्रत्येक वेळी 'नाही गं बाळा' म्हणत होती. दिलाशाचे हे उत्तर म्हणजे दुसऱ्याने धुऊन दिलेले हातच होत.

सातवे सत्र त्यामुळे नव्या पायरीऐवजी या गळतीसाठी दिले. मनातील वाक्याच्या जागी 'विष लागले असेल, नसेलही' हे अनिश्चित वाक्य ठेवले. आईला सत्रास बोलावून उत्तर ठरविले : 'याचं उत्तर मी देणार नाही बाळा, पण तू फोनवर बोलत राहा.' हे मुलीच्या संमतीने ठरले पाहिजे; अन्यथा ती शिक्षा वाटते. पुढे सदऱ्याचे व स्वयंपाकघराचे प्रसंग आठव्या ते अकराव्या सत्रात आणि भाकरीचा प्रसंग बाराव्यात, गावच्या घरी झाला. त्या दिवशी अंक 90 होता आणि तासाभराने 65. तरीही उद्दिष्ट साध्य झाले, कारण भाकरी वाढली गेली.

प्राध्यापकांची भूमिका व मर्यादा

प्रयोगशाळेत 'सर, माझे हात स्वच्छ आहेत ना?' असे विद्यार्थिनीने चौथ्यांदा विचारले, तर चौथे उत्तर हे सौजन्य नसून आजाराला दिलेले खाद्य असते. मात्र प्राध्यापकाने स्वतः ई.आर.पी. करू नये, तिला प्रशिक्षित चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ लागतो. तीव्र विकारात मनोविकारतज्ज्ञ एस.एस.आर.आय. गटातील औषधे जोडीने देतात; त्यांचा परिणाम दिसण्यास साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर श्रेणी बाजूला ठेवून आधी त्यांकडे पाहावे लागते. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली 'टेली-मानस' ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.

चौदाव्या सत्रात गुण 27 वरून 14 झाले. मूळ गुणांत किमान 35 टक्के घट हा सुधारणेचा प्रचलित निकष येथे पूर्ण होतो. विकार मात्र समूळ गेलेला नाही. म्हणून शेवटच्या सत्रातच पुढील तपासणीची तारीख ठरविली. ती सोयीच्या महिन्यात न ठेवता फवारणीच्या हंगामात, जुलैअखेर ठेवली.