सोळा मात्रांत पाच ठोके

रॉकचा ताल कोणाला शिकवावा लागत नाही. क्वीनचे 1977 मधले 'वी विल रॉक यू' लागले की अख्खे स्टेडियम दोनदा पाय आपटते आणि एकदा टाळी वाजवते. ड्रम्सवर हाच हिशेब पेडलचा मोठा ड्रम आणि काडीने वाजणारा स्नेअर यांच्यात वाटलेला असतो. त्रितालाच्या सोळा मात्रा मनात धरल्या आणि चार विभागांच्या सुरुवातीला, म्हणजे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेला पाय आपटत राहिले, तर सरळ रॉकमध्ये मोठा ड्रम पहिल्या व नवव्या मात्रेवर पडतो, तर स्नेअर पाचव्या व तेराव्या मात्रेवर. पाय जिथे पडतो, तिथेच वाद्यही बोलते. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अगदी सारखे, त्यामुळे मध्येच कुठूनही ऐकायला लागले तरी श्रोता चुकत नाही.

क्युबात याच सोळा मात्रांची मांडणी वेगळ्याच तऱ्हेने होते. क्लावे म्हणजे टणक लाकडाच्या दोन आखूड, गोल दांड्या. डाव्या हाताची ओंजळ पोकळ ठेवायची, एक दांडी तिच्यावर अलगद टेकवायची आणि दुसरीने तिच्यावर ठोका द्यायचा. दांडी घट्ट आवळली तर नाद मरतो, म्हणून पकड सैल हवी. या दांड्यांवर जो पाच ठोक्यांचा आकृतिबंध वाजतो, त्यालाही क्लावेच म्हणतात. 'सोन' या क्युबन गायनप्रकारात हे ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात.

सोळा मात्रा तोंडाने मोजत या पाच जागी टाळ्या द्याव्यात आणि पाय विभागांच्या सुरुवातीला पडू द्यावा. पाय आणि टाळी फक्त दोनदा एकत्र येतात, पहिल्या मात्रेला आणि तेराव्या मात्रेला. मधले तीन ठोके पायाला चकवतात. आपल्याकडे जिथे खाली येते त्या नवव्या मात्रेवर तर क्लावेत ठोकाच नाही. साम्य योगायोगाचे आहे, पण मराठी कानाला आधार म्हणून उपयोगी पडते.

पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन. तीनची बाजू पायाविरुद्ध ओढ लावते आणि दोनची बाजू ती ओढ सोडवून तेराव्या मात्रेवर जमिनीला टेकवते. शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक तीनच्या बाजूतच होते. आठ मात्रांत तीन ठोके म्हटल्यावर हात ते आपोआप समान अंतरावर वाटून टाकतो. खरी अंतरे तीन, तीन आणि दोन मात्रांची आहेत. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. तिसऱ्या ठोक्यानंतर पाय नवव्या मात्रेवर किंचित लवकर आल्यासारखा वाटला पाहिजे. सगळे गुळगुळीत आणि आरामशीर वाटत असेल, तर क्लावे हरवली आहे.

पण केवळ पाच ठोके बरोबर वाजले म्हणजे झाले असे नाही. क्युबन वाद्यवृंदात पियानो, काँगा, बास, गाणारा, सगळ्यांनी या चक्राशी जुळवून घ्यायचे असते. काही गाणी तीनच्या बाजूने सुरू होतात, काही दोनच्या. कुठल्या बाजूने सुरुवात हे चालीचे वजन कुठे पडते त्यावरून ठरते. एकदा चक्र सुरू झाले की ते गाणे संपेपर्यंत उलटवायचे नाही, अशी पक्की समजूत आहे. एखाद्या वादकाने उलट्या बाजूने वाजवायला घेतले तर त्याला 'क्रुसादो' म्हणतात, म्हणजे आडवा गेलेला. सूर सगळे बरोबर असूनही दोन वादक एकमेकांच्या पायात येत आहेत असे ऐकणाऱ्याला जाणवते. नाचणाऱ्याला ते आधी कळते.

बासचे काम तर रॉकच्या वादकाला चक्रावून टाकणारे. रॉकमध्ये बास मोठ्या ड्रमच्या खांद्याला खांदा लावून पहिल्या मात्रेवर दाबून वाजतो. क्युबातल्या 'टुंबाओ' नावाच्या नेहमीच्या बासमध्ये सूर चौथ्या, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर असतात आणि पहिली मात्रा मोकळी राहते. त्यातही पंधराव्या मात्रेचा सूर पुढच्या आवर्तनाच्या कॉर्डमधला असतो. म्हणजे कॉर्ड बदलायच्या दोन मात्रा आधीच बास नव्या घरात जाऊन बसलेला असतो. सम कोणी ठणकावून सांगत नाही, तरी ती सगळ्यांना ठाऊक असते.

ही बांधणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आली. पश्चिम आफ्रिकेत घंटेवर वाजणारे आकृतिबंध याच कुळातले. अमेरिकेतही ही चाल पोचली होती. 1955 मध्ये बो डिडली याने स्वतःच्याच नावाचे गाणे काढले आणि त्यातला गाजलेला ताल म्हणजे जवळजवळ हेच पाच ठोके. दोन वर्षांनी बडी हॉलीच्या 'नॉट फेड अवे'मध्ये तोच ताल आला. तरीही ते क्युबन संगीत झाले नाही. तिथे पाच ठोके वर घातलेल्या दागिन्यासारखे राहिले. बाकीच्या वादकांना त्यांच्या दोन बाजू पाळण्याचे बंधन नव्हते.

ब्राझीलची गोष्ट निराळी. बोसा नोव्हाचा जन्म रिओ द जानेरोमधल्या सांबातून झाला आणि त्याचा कणा आहे जोआओ जिल्बेर्तो याचा उजवा हात. 1958 मध्ये त्याने अंतोनियो कार्लोस जोबिम याची चाल आणि व्हिनिसियस दे मोराइस याचे शब्द असलेले 'शेगा दे सौदादे' गिटारवर गाऊन ध्वनिमुद्रित केले. सांबात ढोलाचा सूर धरणारे मोठे वाद्य सुर्दो, तर हातात धरून काडीने वाजवायचे छोटे वाद्य तांबोरिम. जिल्बेर्तोने हा सगळा ताफा सहा तारांवर आणला. अंगठा सुर्दोसारखा पायाच्या चालीने मंद्र सूर देत राहतो आणि बाकीची बोटे तांबोरिमसारखी मध्येच कॉर्ड उचलतात.

या बोटांचा एक ढाचा पुस्तकांत 'बोसा क्लावे' म्हणून शिकवला जातो. ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि चौदाव्या मात्रेवर. सोनपेक्षा फरक फक्त शेवटच्या ठोक्याचा, तेराऐवजी चौदा. एका मात्रेने ऐकण्याची तऱ्हाच बदलते. सोनमध्ये पायाला टेकायला तेरावी मात्रा मिळत होती. इथे पहिला ठोका सोडला तर एकही ठोका पायावर येत नाही. बोसा नोव्हा तरंगत राहिल्यासारखी वाटते त्याचे मोठे कारण हे. मात्र नाव फसवे आहे. क्युबातला उलटू नये असा नियम ब्राझीलमध्ये नाही. जिल्बेर्तो बोटांचे ठोके ओळीगणिक पुढेमागे करतो आणि गळ्याने गिटारच्या मागे रेंगाळतो किंवा पुढे सरकतो. पुस्तकातला ढाचा ओळीमागून ओळ न बदलता वाजवला तर हाती येते ती हॉटेलच्या लिफ्टमधली बोसा नोव्हा.

रॉकच्या सवयीचा ड्रमर इथे दोन गोष्टींनी घोळ करतो. पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर स्नेअर खणखणीत मारला की गिटारची सगळी नाजूक विणकाम त्याखाली बुजते. आणि आवाज वाढला की तरंग जातो. बोसा नोव्हात काडी आडवी ठेवून स्नेअरच्या कडेवर टक असा बारीक आवाज काढतात. 'गेट्झ/जिल्बेर्तो' या 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीवर ड्रम्स वाजवणारा मिल्टन बनाना इतका हलका आहे की तो नेमका कुठे वाजतो हे शोधावे लागते. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' हे गाणे याच तबकडीतले. ते ऐकताना पहिल्यांदा फक्त गिटारच्या अंगठ्याकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा फक्त बोटांकडे, आणि दोन्ही वेळा पाय थांबवू नये.