‘गरजा गोळा केल्या’ म्हणजे नक्की काय केलं?

बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे एकापाठोपाठ एक वाचायला बसलं, की एक ओळ हमखास भेटते. ‘स्टेकहोल्डर्सकडून रिक्वायरमेंट्स गोळा केल्या आणि बीआरडी तयार केला.’ पुण्याच्या हिंजवडीतून आलेला अर्ज असो की बंगळुरूहून, एक वर्षाचा अनुभव असो की आठ वर्षांचा, ओळ तीच. ती खोटी नसते. पण तिच्यातून त्या माणसाबद्दल काहीही कळत नाही, कारण या पेशातल्या प्रत्येकाचं काम मुळात तेवढंच आहे.

या पेशाशी संबंध न आलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. कंपनीतल्या एखाद्या विभागाला संगणकावर नवं काही हवं असतं आणि ते बनवणारे प्रोग्रॅमर वेगळे असतात. विभागाला आपली अडचण माहीत असते, पण प्रोग्रॅमरला लागते तितक्या काटेकोरपणे ती मांडता येत नाही. अ‍ॅनालिस्ट या दोघांच्या मध्ये काम करतो. नेमकं काय हवं ते शोधून काढायचं, ज्यांचं पटत नाही त्यांना एका निर्णयावर आणायचं आणि ठरलेलं असं लिहायचं की वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एकच अर्थ लागेल. नोकरीच्या जाहिरातीत या तीन गोष्टी कुठल्या ना कुठल्या शब्दांत असतातच.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. अनेक अर्ज वाचून ते बेतलेलं आहे, कुणा एकाचं नाही. जाहिरात आहे एका आरोग्य विमा कंपनीची. कॅशलेस क्लेम्सच्या नव्या प्रणालीसाठी तीन ते पाच वर्षं अनुभवाचा अ‍ॅनालिस्ट हवा आहे. अर्ज करणारी मुलगी चार वर्षं टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेत काम करते. तिथे तिच्याकडे रिइम्बर्समेंटचं पोर्टल होतं. त्यात रुग्ण आधी स्वतः पैसे भरतो आणि नंतर कागदपत्रं देऊन परत मागतो.

रेझ्युमे उघडण्याआधी मी जाहिरात दोनदा वाचतो. जाहिरातींमध्ये बरीच भर असते. जिरा, व्हिजिओ, एसक्यूएल, पॉवर बीआय, ‘उत्तम संवादकौशल्य’ हे सगळं जवळजवळ सगळीकडे सापडतं. कधी तर एकाच जागेत प्रोजेक्ट मॅनेजर, डेटा अ‍ॅनालिस्ट आणि अ‍ॅनालिस्ट असे तिघे मागितलेले असतात. त्यातून त्या जागेची खरी डोकेदुखी कोणती ते हुडकायचं. इथे ती एका वाक्यात आहे: ‘नियामकाने घालून दिलेल्या वेळेत कॅशलेस मंजुरी देणारी प्रक्रिया क्लेम्स, वैद्यकीय, हॉस्पिटल नेटवर्क आणि अनुपालन विभागांसोबत निश्चित करणे.’

ही वेळमर्यादा खरी आहे. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय द्यायचा आणि रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आली की तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी द्यायची. ऐकताना नियम सोपा वाटतो. प्रणालीत तो उतरवायला बसलं, की प्रश्न सुरू होतात. तास मोजायला सुरुवात कधी होते, रुग्णालयाने बटण दाबल्यावर की सगळी कागदपत्रं आल्यावर? मध्ये एखादं कागदपत्र मागवलं तर त्या वेळेचं काय करायचं? रात्री अडीच वाजता विनंती आली तर ती कुणाच्या पडद्यावर जाते? पन्नासावं मिनिट उलटलं तर कुणाला सूचना मिळते? क्लेम्स विभागाला विचारलं तर एक उत्तर येतं, अनुपालन विभागाला विचारलं तर दुसरं. ‘प्रणाली वेगवान असावी’ असं लिहून आणणारा अ‍ॅनालिस्ट इथे उपयोगाचा नाही. हे प्रश्न ज्याला आपण होऊन सुचतात तो हवा. रेझ्युमेत मी अशा सवयीची खूण शोधत असतो.

मुलीच्या रेझ्युमेत पहिली ओळ होती ती वर सांगितलेलीच. त्याखाली ‘मुलाखती, वर्कशॉप, निरीक्षण, दस्तऐवज विश्लेषण या तंत्रांचा वापर’ अशी यादी. या तंत्रांची नावं अभ्यासक्रमात शिकवली जातात, त्यामुळे नुसत्या नावांवरून ती वापरली होती की पाठ होती हे ठरत नाही. मग अशा अर्जदाराला विचारावं लागतं: लोकांनी काय मागितलं होतं आणि शेवटी बांधलं काय? या दोन्हींत फरक पडला असेल तर तो का पडला?

तिच्याकडे उत्तर होतं. क्लेम्सच्या प्रमुखांनी कागदपत्रं लवकर अपलोड होणारा पडदा मागितला होता, कारण क्लेम रखडतात अशी तक्रार होती. ती दोन दिवस तपासणी करणाऱ्यांच्या शेजारी बसली आणि निकाली निघालेल्या साठ फाइली तिने चाळल्या. अपलोडला मिनिटंच लागत होती. उशीर होत होता तो दुसऱ्या पत्रामुळे. आधी डिस्चार्ज समरी मागवली जायची, ती आली की आठवड्याने लक्षात यायचं की औषधांची मूळ बिलंही हवीत, आणि रुग्णाला पुन्हा पत्र जायचं. म्हणून गरज बदलली. आजाराच्या प्रकारानुसार लागणाऱ्या कागदांची यादी आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात मागवण्याची सोय, असं ठरलं. अपलोडचा पडदा जवळपास होता तसाच राहिला.

एवढं मोठं काम रेझ्युमेत कुठेच नव्हतं! नव्याने लिहिलेली ओळ अशी झाली: ‘क्लेम उशिराची तक्रार तपासण्यासाठी प्रत्यक्ष तपासणीचं निरीक्षण केलं आणि ६० निकाली फाइली पाहिल्या, मूळ कारण वारंवार जाणारी त्रुटीपत्रं असल्याचं दाखवून अपलोड पडद्याऐवजी एकत्रित त्रुटीपत्राची रिक्वायरमेंट मंजूर करून घेतली.’ ‘वापर’, ‘सहभाग’, ‘जबाबदारी’ असे शब्द गेले. काय पाहिलं, काय सापडलं आणि त्यामुळे काय बदललं, हे आलं. शेवटी ‘उशीर चाळीस टक्क्यांनी घटला’ असंही लिहावं का, असं तिला वाटत होतं. तो आकडा तिने मोजलेला नव्हता, म्हणून लिहिला नाही. आधी किती होतं आणि कुठून मोजलं हे सांगता येत नसेल, तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला असा आकडा कोसळतो आणि बाकीच्या खऱ्या ओळीही संशयात ओढतो.

स्टेकहोल्डरांच्या ओळी तर याहून पोकळ असतात. ‘पंधराहून अधिक स्टेकहोल्डर हाताळले.’ माणसं मोजून काही कळत नाही. कोण कशावर अडून बसलं होतं ते कळायला हवं. अ‍ॅनालिस्टच्या हातात अधिकार नसतो. तो कुणाचा वरिष्ठ नसतो आणि कुणाला आदेश देऊ शकत नाही, तरी निर्णय होईपर्यंत सुटका नसते. म्हणून रेझ्युमेत मतभेदाची एक तरी गोष्ट नसेल, तर वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस बैठकीत टिपणं घेत बसत असावा.

इथे डॉक्टरांना त्रुटी स्वतःच्या शब्दांत लिहायची मोकळीक हवी होती, कारण प्रत्येक रुग्ण वेगळा. कामकाज विभागाला ठरावीक पर्यायांची यादी हवी होती, कारण मोकळ्या मजकुराचा हिशोब लागत नाही. अनुपालन विभागाचं म्हणणं होतं की क्लेम नाकारला तर पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, ते पत्रात यायलाच हवं. तिने तिघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून घेतलं, जुनी पत्रं समोर ठेवली आणि दाखवलं की बहुतेक त्रुटी थोड्याच प्रकारांत बसतात. शेवटी यादी सक्तीची, तिच्याखाली डॉक्टरांसाठी मोकळी चौकट आणि नकाराच्या पत्रात अटीचा क्रमांक, असं ठरलं. हा निर्णय कुणी, कधी आणि कोणत्या कारणाने घेतला ते तिने निर्णयनोंदीत लिहून ठेवलं. तीन महिन्यांनी नव्या वैद्यकीय प्रमुखांनी तोच वाद पुन्हा काढला तेव्हा ती नोंद कामी आली. जाहिरातीतल्या चार विभागांपैकी तीन या एका प्रसंगात आहेत. तरी तिच्या रेझ्युमेत त्याजागी लिहिलं होतं, ‘उत्कृष्ट समन्वयकौशल्य.’

दस्तऐवजांबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. बीआरडी, एफआरडी, युजर स्टोरी, प्रोसेस फ्लो, आरटीएम अशी नावांची रांग लावू नका. प्रत्येक कागद कुणीतरी वाचायचा असतो. बीआरडीवर विभागप्रमुख सही करतो, युजर स्टोरीवरून प्रोग्रॅमर काम करतो, तिच्या स्वीकार-निकषांवरून टेस्टर चाचणी लिहितो. आरटीएम हा तक्ता प्रत्येक गरज कोणत्या स्टोरीत आली आणि कोणत्या चाचणीने तपासली हे दाखवतो. तिने यूएटीच्या आधी तो तक्ता भरताना दोन गरजांसमोर चाचणीचा रकाना रिकामा पाहिला. त्यातली एक होती नकाराच्या पत्रातला अटीचा क्रमांक, म्हणजे ज्यासाठी अनुपालन विभाग अडून बसला होता तीच. ‘आरटीएम तयार केला’ याऐवजी ‘आरटीएममधून यूएटीपूर्वी चाचणीविना राहिलेल्या दोन गरजा पकडल्या, त्यात अनुपालनाची एक’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला समजतं की कागद तिने वापरला, नुसता भरला नाही.

जाहिरात ‘युजर स्टोरी’ म्हणत असेल आणि तुम्ही तेच काम दुसऱ्या नावाने केलं असेल, तर जाहिरातीचा शब्द वापरायला हरकत नाही. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर आणि एचआरमधला माणूस दोघेही तोच शब्द शोधतात. पण न केलेल्या कामावर तो शब्द चिकटवू नका. आणि जुन्या मालकाची अंतर्गत कागदपत्रं किंवा ग्राहकांचं नाव नमुना म्हणून कधीही जोडू नका. नवा मालक ते पाहून खूश होत नाही. उद्या आपलेही कागद असेच बाहेर जातील, हे त्याच्या लगेच ध्यानात येतं.

एक उणीव उरली. कॅशलेसवर तिने काम केलेलं नाही, आणि हॉस्पिटल नेटवर्क विभागाशीही तिचा संबंध आलेला नाही. ती झाकण्यासाठी ‘एंड-टू-एंड क्लेम्स अनुभव’ असं लिहायचा मोह होतो. तिने तसं केलं नाही. वरच्या परिच्छेदात ‘रिइम्बर्समेंट क्लेम्समध्ये चार वर्षं’ एवढंच स्वच्छ लिहिलं. त्रुटीपत्रं, वैद्यकीय तपासणी, पॉलिसीच्या अटी हे दोन्हीकडे सारखंच असतं; वेगळा आहे तो वेळेचा ताण आणि पलीकडे बसलेलं रुग्णालय. हे शिकायला काही महिने लागतील. फाइली उघडून मूळ कारण शोधण्याची सवय मात्र नोकरीवर घेतल्यानंतर शिकवता येत नाही. या अर्जदाराला मी मुलाखतीला बोलावीन, आणि पहिला प्रश्न विचारीन तो एका तासाच्या नियमाचाच: घड्याळ कधी सुरू होतं, हे ठरवायला तुम्ही सर्वांत आधी कुणाकडे जाल?