बाबांना पटेल असा लॅपटॉपचा हिशेब

गेमिंग लॅपटॉपसाठी घरी लिहिलेल्या पत्रात ‘अभ्यासाला लागतो’ एवढेच असेल, तर वडील ते बाजूला ठेवतात आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. अभ्यास आणि खेळ लॅपटॉपच्या वेगवेगळ्या भागांवर ताण देतात. कोणता भाग कशासाठी हवा, हे वेगवेगळे सांगितले तरच पत्रात दम येतो. पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आणि सांगलीला वडिलांना लिहिणाऱ्या एका मुलाचे उदाहरण घेऊ.

त्याचा अभ्यास मुख्यतः दोन सॉफ्टवेअरवर चालतो, सॉलिडवर्क्स आणि ॲन्सिस. सॉलिडवर्क्सला आणि ॲन्सिसच्या विद्यार्थी आवृत्तीला विंडोज लागते. सॉलिडवर्क्समध्ये सुटा भाग काढताना बहुतेक काम प्रोसेसरचा एकच कोअर करतो. पन्नासेक भागांची जुळणी फिरवून पाहायला प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्सही साधारणपणे निभावते. शिवाय सॉलिडवर्क्सची निर्माती कंपनी प्रमाणित करते ती वर्कस्टेशनची कार्डे, गेमिंगची नव्हेत. त्यामुळे ‘सॉलिडवर्क्ससाठी गेमिंग कार्ड हवेच’ हा दावा पत्रात लंगडा पडतो.

खरी गरज ॲन्सिसमध्ये दिसते. भार आल्यावर ब्रॅकेट किती वाकेल हे काढताना सॉफ्टवेअर त्याचे बारीक तुकडे पाडते. तुकड्यांच्या कोपऱ्यांवरच्या बिंदूंना नोड म्हणतात. ॲन्सिसच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत अशा गणितासाठी 1 लाख 28 हजार नोडची मर्यादा आहे. प्रत्येक नोड तीन दिशांना सरकू शकतो, म्हणजे जास्तीत जास्त 3 लाख 84 हजार समीकरणे. ती सगळी रॅममध्ये ठेवून सोडवायची तर दहा लाख समीकरणांना सुमारे 10 जीबी असा ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने या मुलाला जवळपास 4 जीबी मोकळी रॅम लागेल. विंडोज आणि ब्राउझर मिळून तीन-चार जीबी आधीच अडवतात, म्हणून 8 जीबीचा लॅपटॉप काठावर येतो आणि 16 जीबीचा आरामात पुरतो. रॅम कमी पडली तर गणित थांबत नाही, पण ते डिस्कवर लिहीत-वाचत चालते आणि वेळ कितीतरी वाढतो.

या गणितात गेमिंग कार्डाचा उपयोग नगण्य. तिथे जास्त अचूक आकडेमोड लागते आणि अलीकडच्या जीफोर्स कार्डांत तिचा वेग नेहमीच्या आकडेमोडीच्या चौसष्टाव्या भागाइतका असतो. गेमिंग लॅपटॉपचा अभ्यासाला होणारा फायदा कार्डात नाही, पंख्यांत आहे. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा 15 वॅटच्या आसपासचा असतो आणि गणित लांबले की तापून मंदावतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये 45 वॅटचा प्रोसेसर आणि तो बराच वेळ थंड ठेवणारी यंत्रणा असते. बदल्यात वजन दोन किलोच्या वर जाते, चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरीवर पूर्ण जोर मिळत नाही.

खेळाचा हिशेब नेमका उलटा. तिथे कार्ड आणि त्याची स्वतःची मेमरी महत्त्वाची. पण सगळ्याच खेळांना नाही: हॉस्टेलवर बहुतेक वेळ व्हॅलोरंटच चालत असेल, तर तो अंगभूत ग्राफिक्सवरही चालतो. सायबरपंक 2077 सारख्या खेळालाच वेगळे कार्ड हवे. मुलगा काय खेळतो, हे पत्रात आलेच पाहिजे.

पुरावा कॉलेजच्या लॅबमध्येच मिळतो. नेहमीचे प्रॅक्टिकल चालू असताना टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स हा भाग उघडावा. मेमरी काठोकाठ भरली असेल आणि डिस्क सतत चालत असेल, तर रॅमची मागणी सिद्ध झाली. जीपीयूचा आकडा जेमतेम हलत असेल, तर तेही लपवू नये. समजा चांगला प्रोसेसर आणि 16 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप 60 हजारांना आणि गेमिंगचा 85 हजारांना मिळतो. मग पत्राचा मुख्य भाग असा होईल:

‘ती. बाबांस सा. न. वि. वि. साठ हजारांपर्यंतचा लॅपटॉप मला प्रोजेक्टसाठी लागणार आहे. ॲन्सिसचे गणित लॅबमध्ये चालवताना मेमरी किती भरते, त्याचा फोटो सोबत आहे. वरचे पंचवीस हजार मुख्यतः खेळासाठी आहेत. थंड राहणाऱ्या प्रोसेसरचा फायदा अभ्यासालाही होईल, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे मागणे बरोबर नाही. सुट्टीतल्या इंटर्नशिपच्या पैशांतून त्यातले पंधरा मी भरतो.’

होकार आला तरी दुकानात एक गोष्ट विचारावी: रॅम बोर्डवर कायमची बसवलेली आहे, की दुसरा स्लॉट मोकळा आहे? रॅम 8 जीबीच असेल आणि पुढे वाढवता येणार नसेल, तर कार्ड कितीही भारी असले तरी तो लॅपटॉप या मुलाने घेऊ नये.