शाईत लिहावा असा आकडा

नेदरलँड्सच्या दक्षिणेकडे रॉटरडॅम आहे आणि पार उत्तरेला ग्रोनिंगन. या दोन शहरांमधला सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न १९५६ साली एड्सखर डाइकस्ट्रा या तरुण गणितज्ञाच्या डोक्यात घोळत होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘मॅथेमॅटिकल सेंटर’मध्ये ‘आरमॅक’ नावाचा नवा संगणक तयार झाला होता. त्याच्या उद्घाटनाला येणाऱ्या सामान्य पाहुण्यांना सहज कळेल, असं काहीतरी त्यावर करून दाखवायचं होतं. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर ते दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले, आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल हाती न घेता डाइकस्ट्रांना पद्धत सुचली. १९५९ साली ती छापून आली, तो लेख जेमतेम तीन पानांचा आहे.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी ६४ शहरांचा नकाशा घेतला होता. आपण सातच शहरं घेऊ आणि हे गणित हातानं सोडवू. अंतरं किलोमीटरमध्ये आहेत, अंदाजे आणि सोयीसाठी पाचाच्या पटीत धरलेली. रॉटरडॅमहून उट्रेख्त ६० आणि अ‍ॅमस्टरडॅम ८०. उट्रेख्त ते अ‍ॅमस्टरडॅम ४५, उट्रेख्त ते आमर्सफोर्ट २५. अ‍ॅमस्टरडॅमहून आमर्सफोर्ट ५०, झ्वोला ११० आणि समुद्रातल्या बांधावरून लेउवार्डन १४०. आमर्सफोर्ट ते झ्वोला ७०. झ्वोलाहून लेउवार्डन ९५ आणि ग्रोनिंगन १०५. लेउवार्डन ते ग्रोनिंगन ६०. कागदावर सात टिंबं काढा, त्यांना रेघांनी जोडा आणि प्रत्येक रेघेवर तिचं अंतर लिहा. गणितज्ञ याला भारित आलेख म्हणतात.

पहिला मोह होतो तो असा : जिथे उभे आहोत तिथून सर्वांत जवळचं नवं शहर गाठायचं, तिथून पुन्हा सर्वांत जवळचं. करून पाहा. रॉटरडॅमहून उट्रेख्त (६०), तिथून आमर्सफोर्ट (२५), मग अ‍ॅमस्टरडॅम (५०), मग झ्वोला (११०), मग लेउवार्डन (९५) आणि शेवटी ग्रोनिंगन (६०). बेरीज ४०० किलोमीटर! लोभ वाईट नाही, पण हा लोभ चुकीच्या गोष्टीचा आहे. पुढचं पाऊल लहान असावं एवढंच तो बघतो. रॉटरडॅमपासून एकूण किती अंतर झालं, याचा हिशेब तो ठेवतच नाही.

डाइकस्ट्रांची पद्धतही लोभीच आहे, फक्त तिचा लोभ सुरुवातीपासूनच्या एकूण अंतराचा. ती हातानं करताना पेन्सिल आणि पेन दोन्ही जवळ ठेवावीत. शहराशेजारी पेन्सिलीनं लिहिलेला आकडा म्हणजे ‘आतापर्यंत सापडलेलं कमीत कमी अंतर’, तो पुढे खोडला जाऊ शकतो. शाईतला आकडा मात्र कायमचा. नियम एकच : पेन्सिलीच्या सगळ्या आकड्यांत जो सर्वांत लहान, त्यावर शाई फिरवायची आणि मग त्या शहराच्या शेजाऱ्यांकडे पाहायचं.

रॉटरडॅमवर शाईत शून्य लिहा. उट्रेख्तवर पेन्सिलीनं ६०, अ‍ॅमस्टरडॅमवर ८०. लहान ६०, म्हणून उट्रेख्तला शाई. उट्रेख्तमार्गे अ‍ॅमस्टरडॅम १०५ होतं, ते ८० पेक्षा जास्त, म्हणून ८० तसंच राहू द्या. आमर्सफोर्टवर ६० अधिक २५, म्हणजे ८५. आता पेन्सिलीत ८० आणि ८५ आहेत, शाई अ‍ॅमस्टरडॅमला. तिथून आमर्सफोर्ट १३० पडतं, ते सोडून द्या. झ्वोलावर १९० आणि लेउवार्डनवर २२० लिहा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या शहरामुळे आला हेही लिहायचं, म्हणजे झ्वोलाशेजारी ‘१९०, अ‍ॅमस्टरडॅम’. ही नोंद टाळली, तर शेवटी अंतर कळतं पण रस्ता सापडत नाही.

पुढची शाई आमर्सफोर्टच्या ८५ ला. तिथून झ्वोला ८५ अधिक ७०, म्हणजे १५५. झ्वोलावर आधीच १९० आहे. ते खोडा आणि ‘१५५, आमर्सफोर्ट’ लिहा. पेन्सिल का लागते, ते इथे कळतं. आता १५५ आणि २२० उरले, तेव्हा झ्वोलाला शाई. झ्वोलामार्गे लेउवार्डन २५० होतं, नको. ग्रोनिंगनवर २६० येतं.

इथे थांबायचा मोह होतो, पण ग्रोनिंगनचा आकडा अजून पेन्सिलीत आहे. लेउवार्डनचं २२० त्याहून लहान, म्हणजे तिथून एखादी आखूड वाट निघण्याची शक्यता शिल्लक आहे. लेउवार्डन ते ग्रोनिंगन अंतर ३५ असतं, तर २५५ झालेच असते. आपल्या नकाशात ते ६० आहे. म्हणून लेउवार्डनला शाई देऊन पाहिलं तर २८० मिळतात आणि २६० टिकतात. आता ग्रोनिंगनला शाई. नोंदी धरून उलटे या : ग्रोनिंगन, झ्वोला, आमर्सफोर्ट, उट्रेख्त, रॉटरडॅम. ६०, २५, ७० आणि १०५, बेरीज २६०.

पण सर्वांत लहान आकड्याला लगेच शाई देण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? अ‍ॅमस्टरडॅमचं ८० पक्कं केलं, तेव्हा आमर्सफोर्टहून निघणाऱ्या रस्त्यांकडे तर आपण पाहिलंही नव्हतं. समजा, अ‍ॅमस्टरडॅमला याहून जवळची एखादी लपलेली वाट आहे. ती शाईच्या प्रदेशातून कुठेतरी बाहेर पडणार, आणि बाहेर पडताच तिला पेन्सिलीचं एखादं शहर लागणार. त्या शहरापर्यंतच कमीत कमी ८० झालेले असणार, कारण पेन्सिलीत सर्वांत लहान आकडा तोच. तिथून पुढचा रस्ता अंतर वाढवेल, कमी करणार नाही. म्हणून लपलेली वाट ८० च्या खाली जाऊच शकत नाही. मला या पद्धतीतलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

यातून चूक पकडायची खूणही मिळते. शाईचे आकडे लिहिले त्या क्रमानं वाचा : ०, ६०, ८०, ८५, १५५, २२०, २६०. ते कुठेही उतरत नाहीत. विद्यार्थी बहुतेकदा चुकतात ते उट्रेख्तपाशी. आमर्सफोर्ट तिथून फक्त २५ वर, म्हणून ८० ला डावलून ८५ ला शाई देतात. मग क्रम ६०, ८५, ८० असा होतो आणि घसरण लगेच दिसते.

आता ‘पुढचा रस्ता अंतर कमी करणार नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. अंतराऐवजी विजेच्या गाडीची बॅटरी मोजायची असेल, तर मोठ्या उतारावर ती थोडी भरते, म्हणजे त्या रस्त्याचा खर्च ऋण होतो. समजा, आमर्सफोर्टहून अ‍ॅमस्टरडॅमकडे जाणाऱ्या एकेरी रस्त्यावर उणे १० लिहिलं आहे. अ‍ॅमस्टरडॅमवर ८० शाईत कधीच लिहून झालं. नंतर आमर्सफोर्ट पक्कं करताना दिसतं, की ८५ वजा १०, म्हणजे ७५ मध्ये तिथे पोचता येतं. शाई खोटी ठरली, आणि तिच्यावर उभारलेलं लेउवार्डनचं २२० सुद्धा, कारण ते आता २१५ हवं. शाईतल्या आकड्यापेक्षा लहान बेरीज समोर आली, की तुमची बेरीज तरी चुकली आहे किंवा नकाशात ऋण आकडा आहे. अशा नकाशांसाठी बेलमन आणि फोर्ड यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत वापरतात. तिच्यात शाई नसतेच. सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासून पेन्सिलीचे आकडे सुधारत राहायचे. सात शहरांना सहा फेऱ्या पुरतात. सातव्या फेरीतही एखादा आकडा घटला, तर नकाशात असं एक वर्तुळ आहे ज्यावर फिरत राहिलं की खर्च कमीच होत जातो, आणि तिथे ‘सर्वांत जवळचा रस्ता’ नावाची गोष्टच उरत नाही.