दोन लघवीच्या गोळ्या आणि एक तक्ता

‘फ्युरोसेमाइड आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांतील फरक लिहा.’ वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्राच्या पेपरात या धाटणीचा प्रश्न वर्षानुवर्षे फिरत आला आहे. दोन्ही औषधांना रुग्ण ‘लघवीची गोळी’ म्हणतात आणि दोन्हींमुळे शरीरातले मीठ व पाणी बाहेर पडते. मग फरक कुठे?

बरीच मुले दोन रकाने आखतात आणि आठवेल तसे भरत जातात. डावीकडे ‘चार ते सहा तास काम करते’, तर त्याच ओळीत उजवीकडे ‘रक्तदाबावर देतात’. दोन्ही विधाने खरी आहेत, पण फरक एकही सांगितलेला नाही. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एकच प्रश्न दोघांना विचारलेला असतो. तो कोणता विचारायचा, हे जुने पेपर सांगतात. ‘कॅल्शियमच्या मूतखड्यात थायाझाइड का?’, ‘फुप्फुसात अचानक पाणी भरल्यास फ्युरोसेमाइड का?’, ‘फ्युरोसेमाइड आणि जेंटामायसिन एकत्र का टाळतात?’ असे कारण विचारणारे प्रश्न वेगळे काढले, की तक्त्याच्या ओळी आपोआप ठरतात.

त्यांतली पहिली ओळ जागेची. मूत्रपिंडात गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे 25 टक्के हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात परत शोषले जाते. तिथला सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र वाहून नेणारा वाहक फ्युरोसेमाइड बंद करते. हायड्रोक्लोरोथायाझाइड त्याच्या पुढच्या, दूरस्थ नलिकेतला सोडियम-क्लोराइड वाहक अडवते. तिथे परत शोषले जाणारे मीठच थोडे, साधारण 5 टक्के. म्हणून पहिले औषध जोरकस आणि दुसरे बेताचे.

कॅल्शियमचा फरकही जागेतूनच निघतो. लूपमधला वाहक चालू असतो तेव्हा नलिकेच्या पोकळीत धन विद्युतभार तयार होतो आणि तो कॅल्शियमला रक्ताकडे ढकलतो. वाहक बंद पडला की हा रेटा जातो आणि कॅल्शियम लघवीत वाहून जाते. थायाझाइडने उलट घडते. दूरस्थ नलिकेच्या पेशीत सोडियम कमी झाल्याने ती रक्ताच्या बाजूने सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर देते आणि त्याची भरपाई लघवीतल्या कॅल्शियममधून करते. लघवीत कॅल्शियम घटल्याने खडे होण्याचा धोकाही घटतो.

इतके समजले की तक्ता असा भरतो:

| मुद्दा | फ्युरोसेमाइड | हायड्रोक्लोरोथायाझाइड |
|---|---|---|
| जागा | लूपचा जाड चढता भाग | दूरस्थ नलिकेचा सुरुवातीचा भाग |
| जोर | जास्त | मध्यम |
| लघवीतले कॅल्शियम | वाढते | घटते |
| तोंडाने घेतल्यावर परिणाम | सुमारे 4 ते 6 तास | सुमारे 6 ते 12 तास |
| मूत्रपिंड बरेच क्षीण असल्यास | मात्रा वाढवून चालते | सहसा कमी पडते |
| मुख्य उपयोग | फुप्फुसातले पाणी, मोठी सूज | उच्च रक्तदाब, कॅल्शियमचे खडे |
| खास दुष्परिणाम | ऐकू कमी येणे | रक्तातली साखर वाढणे |

कानाची ओळ पाठ करावी लागत नाही. लूपमधल्या वाहकाचाच एक भाऊबंद अंतर्कर्णातल्या द्रवाचे क्षार सांभाळतो. त्यालाही फ्युरोसेमाइड अडवते, विशेषतः शिरेतून वेगाने किंवा मोठ्या मात्रेत दिल्यास. जेंटामायसिन स्वतःच कानाला घातक, म्हणून ही जोडी टाळतात.

पोटॅशियम आणि युरिक आम्ल या तक्त्यात मुद्दामच नाहीत. दोन्ही औषधांनी पोटॅशियम घटते, कारण पुढे जास्त पोचलेले सोडियम परत घेताना नलिका पोटॅशियम बाहेर टाकते. युरिक आम्लही दोघांनी वाढते आणि संधिवाताचा एक प्रकार, गाऊट, बळावू शकतो. ही साम्ये तक्त्याखाली एका वाक्यात लिहावीत. दोन्ही रकान्यांत तोच शब्द लिहून ‘फरक’ म्हणून दाखवला, की तपासणाऱ्याला घोकंपट्टी लगेच कळते.

तक्त्यातून चुकीचा निष्कर्षही निघू शकतो. फ्युरोसेमाइड जास्त जोरकस, तर रक्तदाबावरही तेच सरस, असे वाटते. पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो आणि दिवसाच्या उरलेल्या तासांत शरीर गमावलेले मीठ पुन्हा धरून ठेवते. थायाझाइडने सुरुवातीला शरीरातले पाणी घटते. काही आठवड्यांनी ते बरेचसे पूर्ववत होते, तरी रक्तदाब खालीच राहतो, कारण रक्तवाहिन्यांचा विरोध कमी झालेला असतो. म्हणून मूत्रपिंडे ठीक असलेल्या साध्या रक्तदाबात थायाझाइड गट निवडतात. ‘जोर’ आणि ‘उपयोग’ या ओळींमध्ये परिणाम किती काळ टिकतो याची ओळ असेल, तरच हे उत्तर तक्त्यातून वाचता येते.