पूर्णांक विभाजन आणि बिंदुचित्र

एखादी धन पूर्णांक संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात लिहिणे, आणि बेरजेतील संख्यांचा क्रम लक्षात न घेणे, याला त्या संख्येचे पूर्णांक विभाजन म्हणतात. बेरजेतील प्रत्येक संख्या हा त्या विभाजनाचा 'भाग' होय. ४ ची विभाजने पाच आहेत : ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. यांत १+३ वेगळे मोजले जात नाही, कारण ते ३+१ च आहे. भाग उतरत्या क्रमाने लिहिण्याचा प्रघात आहे.

क्रम मोजला तर : लीलावतीतील उदाहरण

क्रम मोजल्याने केवढा फरक पडतो, हे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील (इ.स. ११५०) एका उदाहरणावरून स्पष्ट होते. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या अंकपाश प्रकरणात असा प्रश्न आहे की, ज्यांच्या अंकांची बेरीज १३ होते अशा पाच अंकी संख्या किती? येथे शून्य वापरायचे नाही. ग्रंथातील रीतीने १२, ११, १० व ९ यांचा गुणाकार करून त्याला १, २, ३ व ४ यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर ४९५ येते. बेरीज ही स्थानसंख्या अधिक नऊ यांहून कमी असेल तरच ही रीत लागू होते, कारण एरवी एखाद्या स्थानी ९ पेक्षा मोठी संख्या बसू शकते. १३ ही १४ हून कमी असल्याने येथे अडचण नाही.

५४२११ आणि १२४१५ या संख्या भास्कराचार्य अर्थातच वेगळ्या मोजतात. विभाजनाच्या दृष्टीने मात्र दोन्ही ५+४+२+१+१ च आहेत. अशा रीतीने त्या ४९५ संख्या १३ च्या पाच भागांच्या अवघ्या १८ विभाजनांत सामावतात. क्रम सोडल्याने मोजणी सोपी होईल असे वाटते, पण घडते उलटे : ४९५ साठी एक लहानसे सूत्र पुरते, १८ साठी तसे सरळ सूत्र मिळत नाही.

बिंदुचित्र व परावर्तन

विभाजनाचा प्रत्येक भाग बिंदूंच्या एका ओळीने दाखवावा, सर्व ओळी डावीकडून सुरू कराव्यात आणि मोठी ओळ वर ठेवावी. या आकृतीला नॉर्मन फेरर्स या इंग्रज गणितज्ञाच्या नावावरून फेरर्स चित्र म्हणतात. जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८५३ मध्ये ही युक्ती फेरर्स यांच्या नावे प्रसिद्ध केली. ५+४+२+१+१ चे चित्र असे :

● ● ● ● ●
● ● ● ●
● ●
●
●

आता हेच बिंदू स्तंभांनी मोजले तर ५, ३, २, २, १ मिळतात. म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णात चित्र परावर्तित केले असता ५+३+२+२+१ हे विभाजन मिळते. याला मूळ विभाजनाचे संयुग्मी विभाजन म्हणतात. बिंदू तेवढेच राहतात, म्हणून बेरीज १३ च राहते. ओळींची संख्या ही पहिल्या स्तंभाची उंची असते. परावर्तनानंतर तीच सर्वांत मोठा भाग बनते. पुन्हा परावर्तन केले की मूळ चित्र परत येते, त्यामुळे दोन विभाजनांचे एकच उत्तर येण्याचा किंवा एखादे सुटण्याचा संभव नाही. म्हणून १३ ची नेमक्या पाच भागांची विभाजने जेवढी, तेवढीच सर्वांत मोठा भाग ५ असलेली विभाजने, दोन्ही १८. हाच युक्तिवाद कोणत्याही संख्येला लागू पडतो आणि त्यात एकही विभाजन प्रत्यक्ष मोजावे लागत नाही.

स्वसंयुग्मी विभाजने

काही चित्रे परावर्तनाने बदलतच नाहीत. १३ साठी ५+३+३+१+१ हे असे एक विभाजन आहे :

● ● ● ● ●
● ● ●
● ● ●
●
●

यातील पहिली ओळ व पहिला स्तंभ मिळून एक काटकोन होतो. त्यात ९ बिंदू आहेत. तो काढल्यावर उरलेल्या चित्राचा काटकोन ३ बिंदूंचा, आणि शेवटी १ बिंदू उरतो. प्रत्येक काटकोनाच्या दोन्ही भुजा समान आणि कोपऱ्याचा बिंदू एकच, म्हणून ही संख्या विषमच येते. आतील काटकोन बाहेरच्याहून लहानच असतो. उलट दिशेने, भिन्न विषम संख्या दिल्या तर त्यांचे काटकोन एकात एक बसवता येतात. म्हणून स्वसंयुग्मी विभाजने आणि भिन्न विषम भागांची विभाजने यांची संख्या समान असते. १३ साठी ती तीन आहे : १३, ९+३+१ आणि ७+५+१. 'भिन्न' ही अट गाळता येत नाही. ५+५+३ चे काटकोन बसवू पाहिल्यास पहिली ओळ ३ बिंदूंची आणि दुसरी ४ ची होते. असे चित्र फेरर्स चित्रच नव्हे.

मर्यादा

भिन्न भागांची विभाजने आणि विषम भागांची विभाजने संख्येने समान असतात, हे ऑयलर यांचे प्रमेय निव्वळ परावर्तनाने सिद्ध होत नाही. ६ ची भिन्न भागांची विभाजने ६, ५+१, ४+२ आणि ३+२+१ ही चार आहेत. ती परावर्तित केली की १+१+१+१+१+१, २+१+१+१+१, २+२+१+१ आणि ३+२+१ मिळतात. यांत २ वारंवार येतो, म्हणजे ही विषम भागांची विभाजने नव्हेत. मात्र या यादीत १ पासून सर्वांत मोठ्या भागापर्यंतची प्रत्येक संख्या हजर आहे, कारण मूळ चित्रात लगतच्या ओळींच्या लांबीत किमान एका बिंदूचा फरक असतो. परावर्तनाने सिद्ध होते ते हे दुसरे विधान : भिन्न भागांची विभाजने जेवढी, तेवढीच मधली एकही संख्या न वगळणारी विभाजने.