तक्रारींचा फलक आणि सरासरीची फसगत

ग्राहकसेवा विभागाच्या डॅशबोर्डवर तीन गोष्टी दिसाव्या लागतात: किती तिकिटे थकली आहेत, ती किती जुनी आहेत आणि निकाली निघण्याचा वेग काय. यांपैकी तिकिटांचे वय दाखवतानाच सर्वाधिक चुका होतात.

समजा, दहा तिकिटे उघडी आहेत. आठ एक दिवसाची, दोन एकतीस दिवसांची. सरासरी वय सात दिवस येते, पण सात दिवसांचे तिकीट त्यांत एकही नाही. आता कर्मचाऱ्यांनी सहा नवी तिकिटे मिटवली, तर उरलेल्या चारांची सरासरी सोळा दिवसांवर चढते. काम झाले आणि आकडा बिघडला! म्हणून सरासरीऐवजी वयाचे गट करून आडव्या पट्ट्या काढाव्यात: एक दिवसापर्यंत, दोन ते सात दिवस, आठ ते तीस, त्याहून जुनी. शेवटच्या पट्टीवर क्लिक केल्यावर ती दोन तिकिटे नावानिशी उघडली पाहिजेत. नाहीतर पट्टी नुसती शोभेची.

निकाली प्रमाणही एकटे दाखवू नये. आठवड्यात शंभर तिकिटे आली, नव्वद मिटली, तर ९० टक्के हा आकडा झकास वाटतो. प्रत्यक्षात थकबाकी दहाने वाढलेली असते. आलेली आणि मिटलेली अशा दोन रेषा एकाच आलेखात ठेवल्या की त्यांच्यातली फट लगेच दिसते. पुन्हा उघडलेली तिकिटे मात्र मिटलेल्यांतून वजा करावीत आणि त्यांचे वय मूळ तारखेपासूनच मोजावे.